फोन चार्ज होत नाही : महिन्याचा कोर्स आणि खिडकीजवळचं टेबल

आम्ही दोघी जावा, पुण्याच्या कसबा पेठेतून तुमच्याशी बोलतोय. आमच्या घरापासून जवळच तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या भांड्यांचं मठारकाम चालतं, त्या ठोक्यांचा आवाज दिवसभर कानावर असतो. खिडकीजवळ आमचं एक टेबल आहे आणि त्या टेबलावर आम्ही मोबाईल दुरुस्त करतो. गावाकडच्या गटांमधून आम्हाला नेहमी एकच प्रश्न येतो, की ताई, महिन्याभराच्या कोर्सने खरंच मोबाईल दुरुस्ती येते का? आज त्याचंच उत्तर सांगतो. पण सगळं सांगायला गेलो तर तास पुरायचा नाही, म्हणून एकच तक्रार घेऊ. ती म्हणजे ‘फोन चार्ज होत नाही’. आमच्या टेबलावर सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. ही एक नीट हाताळता आली, तर कोर्समध्ये काय शिकायचं आणि घरी टेबलावर काय मांडायचं, हे त्यातूनच कळतं.

कोर्स कुठे आणि कसला

तुम्ही गावात राहता, म्हणजे तुमच्यासाठी एक सोय आहे जी आम्हाला नव्हती. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे ज्याला सगळे ‘आरसेटी’ म्हणतात, ती जिल्ह्याजिल्ह्यात बँका चालवतात. या पद्धतीची पहिली संस्था १९८२ साली कर्नाटकात, धर्मस्थळाजवळच्या उजिरे गावी सुरू झाली. पुढे तोच नमुना देशभर गेला. आरसेटीच्या कोर्सच्या यादीत मोबाईल दुरुस्तीचा ३० दिवसांचा कोर्स आहे. शिकणं, राहणं, जेवण याचे पैसे लागत नाहीत. वय १८ पूर्ण हवं. वरची वयोमर्यादा आणि पुढची बॅच कधी, हे तुमच्या उमेदच्या सीआरपी ताईंना किंवा तालुक्याच्या कक्षात विचारा. कोर्स झाल्यावरही दोन वर्षं संस्थेने तुमची विचारपूस करायची असते आणि बँकेच्या कर्जासाठी मदत करायची असते. ते आपणहून मागून घ्या.

आम्ही शहरातल्या, म्हणून पैसे भरून एका खाजगी वर्गात शिकलो. तिथे पंधरा जणांत एकच टेबल होतं. सर झाळून दाखवायचे आणि आम्ही खांद्यावरून बघायचो. पंधरा दिवस झाले तरी आमच्या हाताने एकही फोन उघडला नव्हता. मग आम्ही घरातले, शेजारचे बंद पडलेले सात फोन गोळा करून नेले आणि हट्टाने ते उघडले, परत बसवले. तेव्हा कुठे हात बसला. म्हणून कोर्सला नाव घालण्याआधी दोन गोष्टी विचारा. एका टेबलावर किती जणी बसणार? आणि प्रत्येकीला स्वतःच्या हाताने किती फोन उघडायला मिळणार? उत्तर गोलगोल आलं, तर घरातले मेलेले फोन पिशवीत घालूनच जा.

आता खरं उत्तर सांगतो. महिन्याभरात सगळी दुरुस्ती येत नाही. महिन्याभरात येतं ते दोष शोधणं, आणि सुटे भाग बदलणं. बोर्डावरच्या बारीक चिप काढून बसवणं हे वर्ष-दोन वर्षांचं काम आहे. पण गावात येणाऱ्या फोनपैकी बऱ्याच फोनना चिपचं काम लागतच नाही. चार्जिंगची जागा, बॅटरी, स्क्रीन, स्पीकर, बटणाची पट्टी, हे सुटे भाग असतात. दोष कुठे आहे हे बरोबर ओळखलं, की पुढचं काम अर्ध्या तासाचं असतं. चुकीचं ओळखलं, तर भागाचे पैसे आपल्या पदरचे जातात.

टेबल कसं मांडलं

आमचं टेबल म्हणजे जुन्या शिलाई मशीनचा पाट आहे. खिडकीजवळ ठेवलं, कारण उजेड हवा आणि झाळतानाचा धूर बाहेर जायला हवा. स्वयंपाकघरात हे काम कधीच करू नका. साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं. काम झालं की साबणाने हात धुवायचे, टेबलावर चहा-खाणं आणायचं नाही, आणि लहान मुलांना तिथे बसू द्यायचं नाही.

टेबलावर अंथरायला उष्णता सहन करणारी सिलिकॉनची चटई घेतली. बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, दोन चिमटे, झाकण उघडायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या, मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, मल्टिमीटर, तापमान कमी-जास्त करता येणारी सोल्डरिंगची इस्त्री, सोल्डरची तार, फ्लक्सची डबी आणि मान वळणारा दिवा. शिवाय एक छोटं यंत्र, ज्याला यूएसबी मीटर म्हणतात. ते चार्जर आणि केबलच्या मध्ये लावायचं, म्हणजे फोन किती करंट ओढतो ते आकड्यात दिसतं. हे सगळं आम्हाला तीन-चार हजारांत बसलं. गरम हवेचं यंत्र आणि सूक्ष्मदर्शक सुरुवातीला घेऊ नका. त्याचं काम तुम्हाला लगेच करायचंच नाही.

स्क्रूसाठी आम्ही घरातला मसाल्याचा डबा वापरतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. एकाच फोनमध्ये स्क्रू लांबी-जाडीला वेगवेगळे असतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब स्क्रू गेला, तर तो बोर्डात घुसून आतल्या तारा तोडतो आणि चांगला फोन कायमचा मरतो. म्हणून कागदावर फोनचं चित्र काढतो, जो स्क्रू जिथून निघाला तिथेच त्या कागदावर चिकटपट्टीने लावतो. नव्या बाईला हे वेळ घालवणं वाटतं, पण फोन वाचतो तो याच सवयीने.

पायाशी एक लोखंडी घमेलं असतं, त्यात कोरडी वाळू. ती कशासाठी, ते पुढे सांगतो.

कल्हई आठवते ना?

झाळणं म्हणजे सोल्डरिंग हे कोर्समध्ये सगळ्यात अवघड वाटतं. आम्हाला ते समजलं तांबट आळीमुळे. तुम्ही कल्हई पाहिली असेल. कल्हईवाला भांडं तापवतो, त्यावर नवसागर टाकतो, भसकन पांढरा धूर निघतो, आणि मग कथील लावलं की कापडाने सरसर पसरतं. नवसागर नसेल तर कथील पसरत नाही, थेंब होऊन घरंगळतं. कारण तापलेल्या धातूवर काळपट थर चढतो, आणि नवसागर तो थर काढून टाकतो.

सोल्डरचंही तेच आहे. सोल्डर म्हणजे बहुतेक कथीलच, त्यात शिसं मिसळलेलं. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसं असलेली तार १८३ अंशांना वितळते. फ्लक्स म्हणजे आपला नवसागर, फक्त जात वेगळी. खरा नवसागर मात्र फोनला लावायचा नाही, तो बोर्ड खातो. इस्त्री आम्ही ३२० ते ३५० अंशांवर ठेवतो. आधी जागेवर फ्लक्स लावायचा. मग इस्त्रीचं टोक एकाच वेळी तारेला आणि बोर्डावरच्या ठिपक्याला टेकवायचं, म्हणजे दोन्ही तापतील. मग सोल्डरची तार इस्त्रीला नाही, तर तापलेल्या जागेला लावायची. दोन-तीन सेकंदांत काम होतं. त्याहून जास्त वेळ टेकवलं तर बोर्डावरचा ठिपका उचलून येतो.

डाग पक्का बसला की नाही, हे डोळ्यांनी कळतं. पक्का डाग चकचकीत असतो आणि कडेला पसरून उतरता झालेला असतो. कच्चा डाग मळकट, गोळ्यासारखा वर बसलेला असतो. कच्च्या डागाचा फोन आज चालतो आणि आठ दिवसांनी ‘कधी चार्ज होतो, कधी नाही’ म्हणत परत येतो.

गिरणीवाल्या मावशींचा फोन

आता एक खरा प्रसंग पायरी-पायरीने सांगतो. आमच्या नात्यातल्या एक मावशी मुळशी तालुक्यातल्या गावात पिठाची गिरणी चालवतात. गटाच्या सचिवही त्याच. त्यांचा फोन चार्ज होईना. एका दुकानात दाखवला, तर ‘बोर्ड गेला, नवाच घ्या’ असं सांगितलं. मावशी रडकुंडीला आल्या होत्या. गटाच्या खात्याचा ओटीपी त्याच फोनवर यायचा, हिशेबाच्या वहीचे फोटो त्यात, आणि गेलेल्या मुलाचे फोटोही त्यातच. बोर्ड गेला म्हणजे ते सगळंच गेलं.

पहिली पायरी विचारपूस. फोन पाण्यात पडला होता का? नाही. एकदम बंद पडला की हळूहळू? हळूहळू, आधी केबल वाकडी धरली की चार्ज व्हायचा. हे ऐकलं आणि आमचा अर्धा अंदाज बांधला गेला. वाकडी धरून चालतं, म्हणजे बोर्ड मेलेला नसतो. कुठेतरी स्पर्श सुटलेला असतो.

दुसरी पायरी केबल आणि चार्जर. त्यांच्या चार्जरला यूएसबी मीटर लावलं. व्होल्ट ५ च्या आसपास बरोबर होते, पण करंटच्या जागी शून्य. मग आमची, चांगली माहीत असलेली केबल आणि चार्जर लावला. तरी शून्य. केबल वर दाबली की ०.४ अँपिअर दाखवायचं आणि लगेच खाली. म्हणजे दोष चार्जरमध्ये नाही, फोनमध्ये आहे. ही पायरी कधी गाळू नका. आमच्याकडे ‘चार्ज होत नाही’ म्हणून येणाऱ्या काही फोनचा दोष नुसत्या केबलचा असतो. त्यांना केबल बदला म्हणून सांगतो, आणि त्याचे पैसे घेत नाही.

तिसरी पायरी, टॉर्च लावून चार्जिंगच्या भोकात बघणं. तिथे पांढरट घट्ट थर होता. पीठ! खिशातला कचरा आणि गिरणीतलं पीठ केबलने दर वेळी आत ढकलून ढकलून दगडासारखं बसलं होतं. फोन बंद केला. दातकोरणीचं लाकडी टोक चाकूने चपटं केलं आणि हळूहळू ते उकरलं. सुई किंवा पिन कधीही घालायची नाही. आतल्या पट्ट्या वाकतात, एकमेकींना चिकटतात. मग ब्रशला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून झाडलं आणि पाच-दहा मिनिटं वाळू दिलं. आता केबल आधीपेक्षा खोल गेली, टक्कन बसली. मीटरवर ०.५ आलं. पण फोन हलवला की परत शून्य. पीठ निघालं होतं, पण दोष पुरा गेला नव्हता.

चौथी पायरी फोन उघडणं. मावशींना समोरच बसवलं. त्यांच्या हाताने सिम आणि मेमरी कार्ड काढून त्यांच्याच पर्समध्ये ठेवायला लावलं. फोन उघडल्यावर पहिलं काम एकच, बॅटरीची जोडणी काढणं. ती न काढता आत चिमटा घातला, तर कुठेही ठिणगी उडून चांगला भाग जळतो. या फोनमध्ये चार्जिंगचं भोक मुख्य बोर्डावर नसतं. खाली एक छोटी वेगळी पट्टी असते, तिला चार्जिंग बोर्ड म्हणतात. बऱ्याच फोनमध्ये असंच असतं, आणि आपल्यासारख्या नवशिक्यांसाठी ती मोठी सोय आहे.

दिव्याखाली बघितलं, तर त्या छोट्या पट्टीवर भोकाच्या पायाशी हिरवट बुरशीसारखं काही होतं आणि एक पाय उचललेला दिसत होता. पीठ ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे तिथे गंज चढला आणि डाग सुटला. मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर ठेवला. आधी पाच व्होल्टची पिन आणि जमीन, म्हणजे ग्राउंड, यांना दोन टोकं लावली. आवाज आला असता, तर आत दोन्ही जोडल्या गेल्यात असं समजून आम्ही तिथेच थांबलो असतो. आवाज आला नाही, हे चांगलं. मग त्याच पिनेपासून मुख्य बोर्डाकडे जाणाऱ्या जोडणीपर्यंत लावलं. तिथे आवाज यायला हवा होता, तो तुटक तुटक आला. दोष सापडला.

तापकीर गल्लीत

आता दोन वाटा होत्या. उचललेला पाय परत झाळायचा, किंवा पूर्ण चार्जिंग बोर्ड बदलायचा. गंज पायाखाली शिरला होता, म्हणून आम्ही बोर्ड बदलायचं ठरवलं. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी बुधवार पेठेतली तापकीर गल्ली प्रसिद्ध आहे. कसबा पेठेतून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तुम्ही गावाहून येणार असाल, तर मेट्रोचं कसबा पेठ स्टेशन आता झालं आहे, तिथे उतरूनही जाता येतं.

तिथे जाताना जुना भाग बरोबर न्यायचा. नुसतं फोनचं नाव सांगून चालत नाही, कारण एकाच नावाच्या फोनचे दोन-तीन प्रकार निघालेले असतात. मागच्या बाजूचा मॉडेल नंबर लिहून न्यायचा, नवा भाग जुन्याशेजारी ठेवून जोडणीची रुंदी, भोकांच्या जागा आणि पट्टीवर छापलेला नंबर जुळवून बघायचा. आणि दुकानदाराला आधीच विचारायचं, भाग चालला नाही तर बदलून द्याल का? आम्हाला तो बोर्ड दीडशे रुपयांना मिळाला.

घरी येऊन बसवला, बॅटरी जोडली, पण झाकण लावलं नाही. आधी मीटर. १.१ अँपिअर, फोन हलवला तरी स्थिर. आम्ही खूश होऊन झाकण लावलं आणि मावशींनी घरी फोन लावला. पलीकडून सून म्हणते, ‘अहो, आवाजच येत नाही.’ इथे आमची चूक झाली होती. चार्जिंगच्या त्या छोट्या पट्टीवर बऱ्याचदा बोलण्याचा माइकही असतो. कधी नेटवर्कच्या अँटेनाची तारही तिथेच बसते. नकली पट्टीचा माइक कच्चा निघाला. परत तापकीर गल्ली, परत उघडणं. दुसरी पट्टी बसवली. या वेळी झाकण लावण्याआधी फोनच्या रेकॉर्डरमध्ये बोलून परत ऐकलं, एक कॉल लावला, नेटवर्कच्या रेघा मोजल्या, आणि मग स्क्रू आवळले. तेव्हापासून हा आमचा नेम आहे. चार्जिंग बोर्ड बदलला की करंट, माइक, नेटवर्क आणि रिंगर, चारही तपासून मगच झाकण.

मावशींकडून भागाचे दीडशे आणि मजुरीचे दोनशे, असे साडेतीनशे घेतले. दुसऱ्या फेरीचे पैसे घेतले नाहीत, ती आमची शिकवणी. मुलाचे फोटो जागच्या जागी होते. मावशींना एवढंच सांगितलं की गिरणीत फोन नेताना पिशवीत घाला आणि भोकाला रबरी बूच लावा.

बॅटरी आणि ती वाळू

चार्ज न होण्याचं दुसरं कारण बॅटरी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टोकांना लावलं, की भरलेली बॅटरी ४.२ किंवा थोडं जास्त दाखवते. रात्रभर चार्ज करूनही साडेतीनच्या वर जात नसेल आणि मीटरवर करंट मात्र बरोबर जात असेल, तर बॅटरीचं वय झालं. पण त्याआधी नुसत्या डोळ्यांनी बघा. मागचं झाकण फुगलंय का? स्क्रीन कडेने उचलली आहे का? तसं असेल, तर बॅटरी फुगली आहे. ती दाबायची नाही, तापवायची नाही, चार्जला लावायची नाही.

बॅटरी बऱ्याच फोनमध्ये डिंकाने चिकटवलेली असते. एकदा घाईत आम्ही ती लोखंडी पात्याने उचकटायला गेलो. पात्याचं टोक आत गेलं. आधी गोडसर, औषधासारखा वास आला, मग ती गरम झाली आणि फसफसून धूर सुटला. शेजारी वाळूचं घमेलं होतं म्हणून निभावलं. चिमट्याने उचलून वाळूत टाकली, वरून वाळू लोटली, खिडकी उघडून मुलांना घेऊन बाहेर पडलो. त्या दिवसापासून लोखंडाचं पातं बॅटरीजवळ जात नाही. फोन उघडण्याआधी चार्ज वीस-पंचवीस टक्क्यांच्या खाली आणतो, कारण भरलेली बॅटरी जास्त भडकते. डिंकाच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडतो, दोन मिनिटं थांबतो, आणि प्लॅस्टिकच्या कार्डाने हळूहळू सोडवतो. वाकेल अशी ओढत नाही. काढलेली बॅटरी घंटागाडीत किंवा उकिरड्यावर जात नाही. टोकांना चिकटपट्टी लावून वाळूच्या डब्यात साठवतो आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे देतो.

वही, आणि कोणतं काम घ्यायचं नाही

आमच्याकडे बायका येतात, त्याचं एक कारण दुरुस्तीपलीकडचं आहे. फोनमध्ये त्यांचे फोटो असतात, निरोप असतात, बँक असते. अनोळखी हातात तो रात्रभर ठेवायचा त्यांना धीर होत नाही. हा विश्वास हेच आपलं भांडवल. म्हणून पासवर्ड आम्ही मागत नाही. चार्जिंग तपासायला फोन उघडावा लागतच नाही. माइक तपासायचा असेल, तर ताईंनीच स्वतःच्या हाताने उघडून रेकॉर्डर लावायचा. कामापुरता फोन त्यांच्या डोळ्यांसमोर राहतो. ठेवून घ्यावा लागला, तर सिम आणि कार्ड त्यांच्याकडेच.

आणि वही. तारीख, नाव, मॉडेल, सांगितलेली तक्रार, आधीपासून असलेल्या चिरा, बदललेला भाग, घेतलेले पैसे. शिवाय आयएमईआय नंबर. तो प्रत्येक फोनचा स्वतःचा १५ आकडी नंबर असतो. फोन चालू असेल तर *#06# दाबलं की दिसतो. अनोळखी माणूस फोन घेऊन आला आणि स्वतःच्या फोनचं लॉक त्याला उघडता येत नसेल, तर सावध व्हा. KYM लिहून, जागा सोडून तो १५ आकडी नंबर टाका आणि 14422 वर एसएमएस पाठवा. फोनची माहिती उलट येते. नंबर काळ्या यादीतला निघाला, तर फोनला हात लावू नका. लॉक तोडून द्या, नंबर बदलून द्या, असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. आयएमईआय बदलणं हा गुन्हा आहे, आणि त्यात टेबलावर बसलेली बाई आधी सापडते.

अजून काही कामं आम्ही घेत नाही. पाच व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांच्यात आवाज आला, म्हणजे मुख्य बोर्डात दोष असण्याची शक्यता, तर आम्ही फोन जसा आला तसा बंद करून देतो. पाण्यात पडलेला फोन आला, तर आधी विचारतो, त्यानंतर चार्जला लावला होता का? लावला असेल, तर बहुतेक आत जळालेलं असतं. नसेल लावला, तर तो बंद ठेवून, उघडून, बॅटरी सोडवून अल्कोहोलने साफ करतो. तांदळात ठेवल्याने आतला गंज थांबत नाही. आणि घडीचे, महागडे फोन आम्ही उघडत नाही. त्यांची एक स्क्रीन म्हणजे आमची कित्येक महिन्यांची कमाई. असे फोन मोठं काम जाणणाऱ्याकडे पाठवतो. त्यांच्याकडून कमिशन घेत नाही, पण एखादा दिवस त्यांच्या शेजारी बसून बघू द्या, एवढं मागतो.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात कोणाला हे करायचं असेल, तर या आठवड्यात एवढंच करा. घराघरातले बंद फोन गोळा करा, पण फुगलेल्या बॅटरीचे वगळून. एक यूएसबी मीटर आणा आणि गटातल्या चालू फोनवर लावून बघा. कोणता किती करंट ओढतो, कोणाची केबल शून्य दाखवते, ते वहीत मांडा. लावताना बॅटरी किती टक्के आहे तेही लिहा, कारण भरत आलेला फोन कमी ओढतो. पंधरा-वीस फोनचे आकडे झाले, की निरोगी फोन कसा दिसतो ते तुमच्या डोळ्यांत बसेल. मग कोर्सला जा. सर ‘हा फोन बिघडला आहे’ म्हणून दाखवतील, तेव्हा तुम्ही विचाराल, ‘सर, मीटरवर किती येतंय?’

पुढच्या खेपेला बोलायची वेळ मिळाली, तर स्क्रीन बदलण्याचं सांगू. आज इथेच थांबतो. खाली कोणीतरी हाक मारतंय, हातात फोन दिसतोय. नमस्कार.